दोन पाळणे, एक मथळा

साताऱ्यात सायबर कॅफे नवेनवे होते तेव्हाची ही गोष्ट. मी कॉलेजात होते. फुकट जागा देणाऱ्या एका संकेतस्थळावर मी स्वतःचं पान केलं होतं आणि त्यावर आत्याचे पाळणे चढवत होते. आत्या फलटणजवळच्या आमच्या गावी बौद्धवाड्यात राहायची. बारशाला तिला आवर्जून बोलावत. तिच्या पाळण्यांत बाळाला बुद्धाचं नाव घेऊन निजवलेलं असे.

टेपरेकॉर्डरसमोर बसताना तिची एकच अट होती.

"नाव लिवायचं माजं. मागं एक जन आला, गानी भरून घिऊन गेला. कॅसेट निगाली तवा वर काय, तर पारंपरिक! म्या काय मेले हुते व्हय?"

"लिहीन, आत्या."

"शाळंत विंग्रजी शिकलीस न्हवं? मग त्या विंग्रजीत लिव. कुनाला खोडता याया नको."

सांगलीच्या एका मुलीचं असंच पान मला सापडलं. शिराळ्याकडच्या तिच्या गावी तिची थोरली काकू पाळणे म्हणायची. आम्ही कधी भेटलो नव्हतो. समोरासमोर मला चार वाक्यं जमत नसत, पण ईमेल जमे. मी तिला इंग्रजीत लिहिलं: आपण एकेक पाळणा एकाच रविवारी चढवू. दोन्ही पानांचा मथळा एकाच साच्यात ठेवू: आधी ‘पाळणा’, मग गाव, मग गाणारीचं नाव. पानाच्या आत शोधयंत्रासाठी जे टॅग लिहितात, तेही दोघींकडे तेच आणि त्याच क्रमानं: पाळणा, अंगाई, मराठी, सातारा, सांगली. रोमन लिपीत ‘पाळणा’ लोक दोन तऱ्हांनी लिहितात, म्हणून दोन्ही स्पेलिंगं घालू. माझ्या पानावरून तुझ्याकडे दुवा, तुझ्यावरून माझ्याकडे. म्हणजे एकीला शोधणाऱ्याला दुसरीही सापडेल.

उत्तर चटकन आलं. टॅग मान्य, रविवार मान्य. मथळ्यात मात्र एक बदल हवा होता. घरातल्या सुनेचं नाव असं चारचौघांत नको, असं तिचे काका म्हणत होते. तेव्हा गाणारीच्या नावाऐवजी घराण्याचं नाव घालू. "साचा दोन्हीकडे सारखाच राहील," तिनं लिहिलं होतं.

तिच्या मथळ्यात त्या जागी गावात मानानं घेतलं जाणारं आडनाव आलं असतं. आमच्या घरांना गाव एकाच नावानं ओळखत होतं, वाड्याच्या जुन्या, जातीच्या नावानं. आत्या पुन्हा एकदा नुसती वाड्यातली बाई झाली असती. त्या मुलीला यातलं काहीच ठाऊक नव्हतं. ठाऊक व्हावं असं मी कुठेच लिहिलं नव्हतं. शाळेतही कुणाला कळू दिलं नव्हतं.

तिचा साचा मानला तर आत्याला दिलेला शब्द मोडत होता, आणि वेगळा साचा ठेवला तर ती जोडी उरत नव्हती. मी दोनदा उत्तर लिहून पुसलं. तिसऱ्यांदा सरळ लिहिलं: आम्ही बौद्ध आहोत. आमच्या वस्तीचं नाव आम्ही ठेवलेलं नाही. आत्याचं गाणं एकदा नावाशिवाय गेलं आहे, दुसऱ्यांदा मी जाऊ देणार नाही. तुझ्या काकूंचं नाव येत नसेल तर आपण दोघी आपापल्या वाटेनं जाऊ, माझा राग नाही.

पाठवलं आणि घरी आले. पुढे कितीतरी दिवस मी त्या कॅफेच्या रस्त्यानं जायचं टाळलं.

शेवटी गेले तेव्हा तिचं उत्तर येऊन पडलं होतं. तिनं माझी ईमेल काकूला मराठीत सांगितली होती. काकू भाकऱ्या थापता थापता म्हणाली, "माज्या म्हायेरचं नाव घाल की. लग्नात बदाललं, तवापास्नं कुनी हाक मारली न्हाई. हितं वळकतंय कोन?"

खालच्या ओळीत ते नाव होतं. सोबत त्या मुलीनं लिहिलं होतं की, घरात इतकी वर्षं राहून तिनंही ते पहिल्यांदाच ऐकलं होतं.

ठरल्या साच्यातच आम्ही दोन्ही पाळणे चढवले. शोधयंत्राला पानं कळायला बरेच आठवडे लागले. एके दिवशी मी आत्याला एसटीनं साताऱ्याला आणलं आणि ‘पाळणा’ शोधला. दोन ओळी एकाखाली एक आल्या.

"ह्यातली मी कंची?"

मी बोट ठेवलं. तिनं काचेवरून आपल्या नावावर हात फिरवला.

"आन ही खालची?"

"सांगलीकडची. काकूंचं माहेरचं नाव आहे. सासरी बदललेलं."

"लाव की तिचं."

खरखरत्या आवाजात काकूचा पाळणा सुरू झाला. आत्यानं पदर डोक्यावर घेतला आणि मान खाली घालून शेवटपर्यंत ऐकला. गाणं थांबल्यावर तिनं मला ते नाव पुन्हा विचारलं. मी सांगितलं. मग पडद्याकडे बघत तिनं त्या नावानं एकदा हाक मारली.