प्लंबरकाकांच्या घरची टाकी

प्लंबरकाकांच्या नाकावर माशी बसलेली चालत नसे. गिऱ्हाइकाच्या दारात उभं राहून नुसत्या आवाजावरून गळती ओळखणारा माणूस! त्याच कानांनी दगा दिला, तेव्हा काकांनी खापर जगावर फोडलं, हल्ली म्हणे सगळे तोंडातल्या तोंडात बोलतात. काकू महिनाभर सांगत होत्या, "अहो, आपल्याच संडासातली टाकी वाहतेय." उत्तर ठरलेलं, "मला शिकवतेस? आवाज कुठे येतोय?" शेवटी काकूंनी हात टेकले.

मग लेकीने कानाचं मशीन आणलं. वापरून बघा, नाही पटलं तर परत करू, म्हणाली. काका वरून गुरगुरले, पण आतून घाबरले होते. मशीननेही भागलं नाही, तर हत्यारांची पिशवी कायमची खुंटीवर जाणार होती.

मशीन कानात घातलं आणि सुरू झालं, सूंऽऽ. थांबेचना.

"भंगार आहे! स्वतःच वाजतंय. उद्याच परत!"

"मशीन नाही, टाकी वाजतेय," काकू म्हणाल्या.

त्यांना खोटं पाडायला काका तावातावाने निघाले. पण संडासाजवळ जावं तसा आवाज वाढत गेला. दार उघडलं, आणि काका लहान मुलासारखे ओरडले, "अगं, खरंच वाजतेय!"

स्वतःच्या घरची टाकी वाहते, याचा इतका आनंद झालेला प्लंबर दुसरा नसेल.

त्यांनी झाकण काढलं. पाणी मधल्या उभ्या नळीच्या तोंडावरून भांड्यात सांडत होतं. म्हणजे तळाची झडप ठीक होती. टाकीवरच्या दोन बटणांपैकी छोटं दाबलं की ती लवकर बसते आणि थोडंच पाणी जातं, मोठं दाबलं की टाकी जवळजवळ रिकामी होते. दोष पाणी भरणाऱ्या व्हॉल्व्हचा. पाणी चढलं की व्हॉल्व्ह बंद करणारा त्याचा तरंगता फ्लोट काकांनी हाताने वर उचलून धरला, तरी धार थांबली नाही. आत कचरा अडकला असणार.

त्यांनी खालचा कॉक बंद केला, मोठं बटण दाबून टाकी रिकामी केली, व्हॉल्व्हची टोपी फिरवून काढली. रबरी वॉशरखाली वाळूचा कण बसला होता. वॉशर धुतला, उघड्या व्हॉल्व्हवर हात धरून कॉक जरासा सोडला, उरलेली घाण वाहून गेली. सगळं परत बसवून कॉक उघडला. पाणी चढलं, त्याबरोबर फ्लोट चढला, आणि नळीच्या तोंडाखाली दोन बोटांवर पाणी थांबलं. दोन्ही बटणं दाबून पाहिली. दोन्ही वेळा टाकी भरून गप्प झाली.

घर शांत झालं. त्या शांततेत स्वयंपाकघरातून बारीक आवाज आला. काकू गुणगुणत होत्या.

काका ओल्या हातांनीच दारात जाऊन उभे राहिले. "तू गाणं सोडलं होतंस ना गं?"

"छे! रोज तर गाते."

काकांनी स्टूल ओढलं आणि ते बसले. "मग थांबलीस कशाला? म्हण की!"

तेवढ्यात लेकीचा फोन आला, मशीन उद्या परत करायचं का?

"हात लावून दाखव त्याला!" काका गरजले. "आणि आता फोन ठेव. तुझी आई गातेय."