व्हनमानेबाईंचा पेढा

बारावीचा निकाल लागला की आमच्या विद्यालयात पेढे वाटतात. व्हनमानेबाई मात्र नापासांची यादी घेऊन स्कूटीला किक मारतात.

"बाई, पेढा तरी खा," मी, इथला क्लार्क, म्हणतो.

"तुम्हीच गिळा!"

तीन वर्षांपूर्वी गुणवंतांच्या सत्कारासाठी मुख्याध्यापकांनी त्यांना थांबवून घेतलं. मग सत्कार, फोटो, पेपरवाले. फेरपरीक्षेचा फॉर्म घेऊन बाई सारिका घुगेकडे पोचल्या त्या आठव्या दिवशी. फक्त इंग्रजी राहिलं होतं तिचं. दारात मांडव होता, आदल्या दिवशीच साखरपुडा झालेला.

"अगं, शाळेत का नाही आलीस? फॉर्म तिथंच भरतात."

सारिका मान खाली घालून म्हणाली, "नापासांनी पण यायचं असतं होय, बाई?"