डब्याबाहेर काढलेली डिस्क

देवासात कुणाची हार्ड डिस्क बिघडली की लोक गोपाळरावांचं नाव घेत, आणि हे गोपाळरावांना जरा जास्तच ठाऊक होतं. त्यांच्याकडे डिस्क तपासायचं एक जुनं सॉफ्टवेअर होतं. घरच्या देवापेक्षा त्यांचा त्याच्यावर अधिक भरवसा. नवं काही घ्या म्हणणाऱ्याला ते दुकानाची पायरी दाखवत.

धारच्या बकुळाताई यूएसबीनं जोडायच्या फुटक्या डब्यातली डिस्क घेऊन आल्या. त्यांच्या आईला, उमाबाईंना, लकवा मारून वाचा गेली होती. त्याआधी आईनं म्हटलेली मंगळागौरीची गाणी, ओव्या, सगळा आवाज या एकाच डिस्कवर होता. डब्याची यूएसबीची जागा तेवढी तुटली होती.

गोपाळरावांनी डिस्क डब्यातून काढून सरळ कॉम्प्युटरला जोडली. सॉफ्टवेअरला काहीच सापडलं नाही. डबा दुरुस्त करून बघायचा का, असं ताईंनी चाचरत विचारलं, तर गोपाळराव उखडले.

"डब्यात काय ठेवलंय? माल डिस्कमध्ये असतो. ही एकदम खाली आहे, रिकामी, कुणीतरी पुसलीय. डबा टाका भंगारात."

पावसाळा सरल्यावर एका गिऱ्हाइकाचा तसाच डबा आला. डब्यात असताना फायली दिसत, डिस्क बाहेर काढली की गायब, परत घातली की हजर. गोपाळरावांना बकुळाताईंचा डबा आठवला.

खोदून पाहिलं तेव्हा कळलं. डिस्कवरची जागा सेक्टरांनी, म्हणजे घरांनी, मोजतात. हा डबा एक घर चार हजार शहाण्णव बाइटांचं सांगायचा. डब्याबाहेर तीच डिस्क पाचशे बारांचं सांगायची. माल दोनशे छप्पन्नाव्या घरापासून सुरू, ही नोंद डब्याच्या मापातली होती. जुन्या सॉफ्टवेअरला पाचशे बाराखेरीज माप ठाऊकच नव्हतं. ते खऱ्या अंतराच्या आठव्या हिश्श्यावर थांबलं, तिथं काही नाही म्हणून डिस्क रिकामी सांगून मोकळं झालं. आवाज जागच्या जागी होता. योग्य माप सांगता येणारं सॉफ्टवेअर घेतलं असतं तरी निघाला असता.

त्यांनी लगेच धारला फोन लावला आणि डिस्क जपून ठेवा म्हणून सांगितलं.

"काका, तुम्हीच खाली म्हणालात ना," बकुळाताई म्हणाल्या. "कॅमेरे बसवणाऱ्या भियानं ती फॉरमॅट करून घराच्या सीसीटीव्ही कॅमेऱ्याला लावली. तेव्हापासून रात्रंदिवस भरतेय."

कॅमेऱ्याचं यंत्र डिस्क भरली की पुन्हा पहिल्यापासून लिहितं, आधीचं कायमचं पुसून, हे गोपाळरावांना कुणी शिकवायला नको होतं. तरी ते धारला गेले. घरात कसं बसावं हेही त्यांना कळेना, इतकी लाज वाटत होती. ताई रागावल्या नाहीत. त्यांनी फक्त टीव्हीवर कालचं रेकॉर्डिंग लावलं.

दारातल्या खुर्चीवर उमाबाई बसल्या होत्या. मांडीवर बोटांनी ठेका धरला होता आणि ओठ हलत होते. गोपाळरावांचा हात सवयीनं रिमोटकडे गेला.

"आवाज नाही त्याला," ताई म्हणाल्या. "कॅमेऱ्याला माइक घेतला नव्हता."