दुपारचे तीन तास

आमच्या दुकानात एसी दुरुस्त करणाऱ्या या माणसाला सगळे गारेगार म्हणतात. जन्मभर दुसऱ्यांच्या खोल्या थंड केल्या आणि स्वतःच्या घरी पंखा, म्हणून आम्हीच चेष्टेत ठेवलेलं नाव. मी दुकानाचं गिऱ्हाईक सांभाळतो, तो शिडीवर चढतो.

गिऱ्हाइकं बिल घेऊन यायची आणि म्हणायची, आमचा एसी खातो किती ते सांगा. बहुतेकांचा हिशेब एकच. एकूण बिलाला एकूण युनिटांनी भागायचं आणि एसीची युनिटं त्या दराने मोजायची. गारेगार मान हलवायचा. "तसं नाही. दिवे, पंखे, फ्रिज हे आधी जेवायला बसतात, स्वस्तातली युनिटं तेच संपवतात. एसी मागाहून येतो. त्याच्या ताटात महागडीच पडतात." एसी बंद केला तर काय वाचेल, हे वरच्या टप्प्यातून खाली मोजत यायचं, हे त्याने शंभर जणांना फोनवरून समजावलं असेल. घरी जेवतानासुद्धा फोन घ्यायचा. बायको समोर बसून ऐकायची.

मग तिचं हृदय थकलं. उकाड्याने त्याच्यावर ताण येतो, दिवसभर खोली थंड ठेवा, असं डॉक्टरांनी बजावलं. गारेगारने कुणाचा तरी जुना एक टनाचा एसी नीट करून बसवला. सकाळी तो कामावर निघाला की सुरू, संध्याकाळी परतेपर्यंत आठ तास. रात्री खिडकीतल्या वाऱ्यावर भागायचं.

पहिल्या महिन्याचं बिल आलं. एरवी नव्वद युनिटं, ती झाली तीनशे तीस. शंभरापर्यंत चार रुपये, पुढे तीनशेपर्यंत दहा, त्यावर चौदा. एरवी तीनशे साठ रुपये भरणाऱ्या घराला दोन हजार आठशे वीस. तिने विचारलं, यात एसीचे किती? तो म्हणाला, "दोनशे चाळीस युनिटं, चारच्या दराने. हजारही नाहीत. बाकीचं मागचं थकलेलं होतं." ती बरं म्हणाली. खरा आकडा जवळजवळ अडीच हजार होता. दुकानात येऊन त्याने हे मला सांगितलं, तेव्हा थाप पचली म्हणून त्याचा चेहरा उजळला होता. मला त्याचा राग आला नाही. आजारी माणसाशी थोडं खोटं बोलणं हेही औषधच असतं.

त्या आठवड्यात त्याने घरच्या एसीची अशी सर्व्हिसिंग केली, की गिऱ्हाइकाने पाहिली असती तर हेवा केला असता. जाळी धुतली, बाहेरच्या युनिटची धूळ काढली, त्यावर सावलीला पत्रा ठोकला. पुढच्या बिलात युनिटं अडीचशे आली. ऐंशी कमी, तीही सगळी वरच्या दरातली. युनिटं पाव भागाने उतरली आणि बिल तिसऱ्या हिश्श्याने, एकोणीसशेवर.

गारेगार दुकानभर मिरवला. हाताला यश आहे म्हणाला. सगळ्यांना चहा पाजला, मला दोनदा. धुळीने भरलेली मशीन धुतली की युनिटं उतरतात, हे खरंच आहे. शंका घ्यायला जागा नव्हती. घरी त्याने बायकोलाही ऐकवलं. ती हसली आणि म्हणाली, तुमच्या हाताला तोड नाही.

ऐन उन्हाळ्यात, एका दुपारी, ती गेली. डॉक्टर म्हणाले, हृदय दमलेलंच होतं, कुणाला दोष देऊ नका.

दिवसकार्य उरकल्यावर शेजारच्या काकू आल्या. त्या रोज दुपारी तिला जेवण द्यायच्या. पदराशी चाळा करत त्या म्हणाल्या, "भाऊजी, मनात ठेवून मला झोप येत नाही. जेवण झालं की ती एसी बंद करायची. तीन तास. मी पंख्याने वारा घालायचे. तुम्ही यायच्या आधी परत लावायची."

गारेगारने विचारलं, का?

"म्हणायची, ह्यांनी मला चारचा दर सांगितला. इतकी वर्षं मी समोर बसून ऐकतेय, एसीच्या ताटात कुठली युनिटं पडतात ते. पण तुम्ही सर्व्हिसिंगचं यश म्हणून इतके खूश झालात, की तिने मला शपथ घातली."

हे सांगताना गारेगार माझ्यासमोर लहान मुलासारखा रडला. यशाचा चहा आम्ही सगळ्यांनी प्यायला होता.

अजूनही गिऱ्हाईक बिल घेऊन येतं, आणि तो वरच्या टप्प्यापासून खाली मोजून दाखवतो. शेवटी लोक विचारतात, मग दुपारी थोडा वेळ बंद ठेवला तर? पूर्वी तो लगेच वाचणारा आकडा सांगायचा. आता आधी विचारतो, "दुपारी घरी कोण असतं?"