घरमालकांचं आभाराचं भाषण

आमचे घरमालक जिच्यावर संशय घेत नसत अशी वस्तू पृथ्वीच्या पाठीवर नव्हती. दारव्ह्याजवळच्या त्या गावी मी शाळामास्तर म्हणून गेलो, तेव्हा खोली देण्याआधी त्यांनी माझी ट्रंक दोनदा उचलून पाहिली. "पुस्तकंच हायेत ना मास्तर? लय जड लागून राह्यली." कोंबडा वेळेआधी आरवला तरी त्याला कोणी उठवलं याची चौकशी होई.

अशा माणसाला गावानं श्रमदानाच्या रस्त्याचा टोळीप्रमुख केलं. गाव आणि शेजारचा बंजारा तांडा मिळून वडापासून नाल्यापर्यंत रस्ता बांधत होते. घरमालक पहाटेच तिथं हजर. कुदळी चोरीला गेल्या का ते बघायला जात असावेत, असं मी धरून चाललो होतो. दिवसभर त्यांचे डोळे दुसऱ्यांच्या हातांवर. तांडा त्यांना पुरता कंटाळला होता.

रस्ता तालुक्याच्या श्रमदान स्पर्धेत पहिला आला. बक्षिसाची ढाल घेताना टोळीप्रमुखानं बोलायचं होतं. नाल्यावरचा रपटा, म्हणजे ओलांडायचा बुटका फरशीपूल, मात्र बाकी होता, आणि तो झाला नाही तर पावसाळ्यात तांड्याची पोरं शाळेत येऊ शकणार नव्हती. तांड्याच्या नाईकांनी मला स्पष्ट सांगितलं, "त्यानं आपलंच नाव मिरवलं, तर रपट्याले आमचा एकबी मानूस येनार नाही."

मी घाईनं भाषण लिहून दिलं, 'सर्वांच्या सहकार्याने' वगैरे. घरमालकांनी ते वाचून माझ्याकडे रोखून पाहिलं. "याच्यात कोनाचं नावच नाही. कोनाले लपवून राह्यले तुमी?"

समारंभाच्या आदल्या संध्याकाळी ते रस्त्यावर एकटेच थांबत, पुटपुटत चालताना दिसले. दगड मोजत असतील म्हणून मी सोडून दिलं.

समारंभात ते उभे राहिले, माझा कागद खिशातच. "वडापासून निघू," म्हणाले. "तिथं मुरूम नव्हता. थावरू म्हने, टेकडीमागं हाय. मले वाटलं, हा काम चुकवून राह्यला. मी मागं मागं गेलतो पाहाले. मुरूमच निघाला." तांडा हसला. "पुढं उतार. शामरावनं दगड आडवे लावले, म्या उभे लावाले सांगितले. पानी आलं, माहे वाहून गेले, त्याचे राह्यले. सकरीबाई पान्याले उशीर करते म्हनून तिच्यावर नजर ठेवली, तं विहीरच अर्धा कोस दूर. गुलाब आज आला नाही, धुम्मस पायावर पडला त्याच्या. ठोकाईचं काम त्याचं. बाभळीपासून नाल्यापर्यंत सांगाचं काही नाही. रपटा बाकी हाय. सोमवारी या."

आणि ढाल न घेताच खाली बसले. परत बोलावल्यावर ती उलटी करून मागची बाजू तेवढी तपासली.

नाईक म्हणाले, "येऊ."

पण इतक्या दिवसांत घरमालकांची संशयाची सवय मला लागली होती. बाभळीपासून नाल्यापर्यंत कोणाचं नाव गाळलं? मी नाईकांना आडून विचारलं.

"तो तुकडा? तो त्यानंच केला. रोज पहाटे येऊन, एकट्यानं. तुमाले मालूम नाही?"

रपटा त्याच उन्हाळ्यात झाला. घरमालक जाऊन आता बरीच वर्षं झाली. त्या रस्त्यानं जाताना थावरू, शामराव, सकरीबाई, गुलाब ओळीनं आठवतात. बाभळीशी आलो की वाईट वाटतं, कारण त्यांच्यावर संशय घेणारा मीही होतो. मग तेवढा तुकडा मी पायी चालतो.