मदत असो वा नसो

अमरावतीच्या राजापेठेत, एका ट्यूशन क्लासच्या वरच्या मजल्यावर नत्थुजी राहतात. खाली पोरांच्या गाड्यांची अशी दाटी, की स्वतःच्या जिन्याशी पोचायला त्यांना रोज दोन-चार हँडलं बाजूला करावी लागतात. जिल्हा न्यायालयात त्यांनी एकतीस वर्षं अनुवादक म्हणून काढली. म्हणजे काय, तर खालच्या कोर्टातल्या मराठी साक्षी, जबाब, पंचनामे इंग्रजीत करायचे, कारण अपील नागपूरला हायकोर्टात गेलं की तिथं कागद इंग्रजीत लागतात. कोणाची जन्मठेप, कोणाचं वावर, कोणाची सोडचिठ्ठी या माणसाच्या पेनातून गेली, आणि गल्लीत कोणाला त्याचा पत्ता नाही. गल्लीला ते ठाऊक आहेत भाजीवालीशी घासाघीस न करणारे म्हातारे म्हणून.

नोकरीला लागले तेव्हा वरिष्ठ उत्तमराव यांनी त्यांना एकच गोष्ट शिकवली होती. साक्षीदार अर्धवट बोलला तर अर्धवटच लिहायचं. तो जे बोललाच नाही ते आपल्या डोक्यातून कागदावर आणायचं नाही, मग वाक्य कितीही लंगडं दिसो. नत्थुजींनी ते इतकं मनावर घेतलं की घरात वैताग झाला. त्यांच्या बायको लीलाबाई अजून सांगतात, की यांना पाणी आहे का म्हणून विचारलं तर 'आहे' म्हणतील आणि तसेच बसून राहतील. आणायला सांगितलं कुठं होतं?

तर अशा माणसाकडे गेल्या हिवाळ्यात अकोल्याहून आकांक्षा आली. पोरगी फिजिओथेरपीच्या शेवटच्या वर्षाला, तेल्हाऱ्याच्या शेतकऱ्याच्या घरची, बोलायला चटपटीत. म्हाताऱ्या माणसांसाठी इंग्रजीत एक प्रश्नावली होती. आंघोळ, कपडे, संडास, जेवण, चालणं, असे पाच प्रश्न, उत्तर हो किंवा नाही. तीन 'हो' आले की कॉलेजची गाडी दर आठवड्याला त्या म्हाताऱ्याच्या दारी जाणार, व्यायाम शिकवणार, काठी-वॉकर देणार. तीनपेक्षा कमी आले तर गाडी पुढे निघून जाणार. ही प्रश्नावली मराठीत आणायचं काम तिच्या माथी आलं होतं.

तिनं आणि तिच्या मैत्रिणीनं, प्रतीक्षानं, वेगवेगळं बसून मराठी केलं होतं, मग दोन्ही समोर ठेवून एक मसुदा केला होता. आता तो मराठी मसुदा परत इंग्रजीत न्यायचा होता, आणि तेही मूळ इंग्रजी कधीच न पाहिलेल्या दोघांनी, एकमेकांशी न बोलता. परत आलेलं इंग्रजी मुळाशी जुळलं, तर अर्थ बहुतेक नीट पोचला. नाही जुळलं, तर वाटेत कुठं सांडला ते शोधायचं. खरं तर यासाठी ज्याची मायबोलीच इंग्रजी आहे असा माणूस हवा. तो अकोला-अमरावतीत कुठून आणणार? म्हणून एक स्वप्निल सर, कॉलेजात इंग्रजी शिकवणारे, आणि दुसरे नत्थुजी. आकांक्षानं बजावलं, की काका, मूळ कागद मागायचा नाही, नेटवर शोधायचा नाही. नत्थुजी खूश झाले. जन्मभर लोकांनी त्यांना सगळं वाचायला लावलं होतं, न वाचायची अट पहिल्यांदाच कोणी घालत होतं.

पहिला प्रश्न होता, 'आंघोळीसाठी तुम्ही कोणाची मदत घेता का?' इंग्रजीत लिहिताना त्यांचा हात 'नीड' या शब्दाकडे गेला. म्हाताऱ्यांच्या दवाखान्याच्या कागदावर तोच शोभला असता. पण समोर 'घेता' होतं, 'गरज आहे' नव्हतं. त्यांनी 'टेक' लिहिलं. पाचही प्रश्नांत 'टेक'. वाचायला बरं दिसत नव्हतं, पण दिसण्याशी त्यांचं काय देणंघेणं!

आठ दिवसांनी आकांक्षाचा फोन आला. स्वप्निल सरांचं इंग्रजी मुळाशी जवळजवळ शब्दशः जुळलं होतं. काकांचं मात्र, ती जरा अडखळली, जरा कोर्टाच्या कागदासारखं वाटत होतं. नत्थुजींनी बरं म्हणून फोन ठेवला. त्यांना फार लागलं ते. एकतीस वर्षांत हायकोर्टानं त्यांचा एक कागद परत पाठवला नव्हता, आणि ही काल-परवाची पोरगी! त्या दिवशी त्यांनी पेपरची घडीसुद्धा मोडली नाही.

पण नियम असा, की शेवटी सगळ्या अनुवादकांनी एका टेबलाभोवती बसून प्रत्येक प्रश्न तपासायचा. म्हणून बोलावणं आलं आणि नत्थुजी सकाळच्या गाडीनं अकोल्याला गेले. आकांक्षाच्या मार्गदर्शक रागिणी मॅडम बसल्या होत्या. मूळ इंग्रजी, मराठी मसुदा आणि परत आलेले दोन्ही कागद त्यांनी शेजारी शेजारी मांडले. नत्थुजींनी मूळ पहिल्यांदा पाहिलं. तिथं 'नीड' होतं.

मॅडमनी स्वप्निल सरांना विचारलं, की मराठीत 'घेता' असताना तुम्हाला 'नीड' कसं सुचलं. सर सरळ माणूस. अशा प्रश्नावल्या पुष्कळ वाचल्या आहेत, मुळात काय असणार ते कळलं म्हणून तेच लिहिलं, असं त्यांनी कबूल करून टाकलं. मॅडम म्हणाल्या, म्हणजे मसुद्यातलं भोक तुम्ही जाताजाता बुजवून दिलंत, आणि आम्हाला कापड धड वाटलं.

आकांक्षाला पटेना. गरज असते म्हणूनच माणूस मदत घेतो ना, तिचं म्हणणं. शिवाय तिनं उतावळेपणानं तो मसुदा बाळापुरात चार जणांना विचारूनही पाहिला होता आणि कोणी अडखळलं नव्हतं. मॅडमच्या कपाळाला आठ्या पडल्या, कारण विचारून पाहायची पायरी या बैठकीनंतरची. तरी त्या म्हणाल्या, आणलंच आहेस तर दाखव.

पहिला कागद किसनरावांचा. वय बहात्तर, रोज संत्र्याच्या बागेत जातात, स्वतः फवारणी करतात. चार 'हो'. कारण सून आंघोळीचं पाणी काढून देते, कपडे काढून ठेवते, नातू चप्पल आणून ठेवतो, ताट हातात मिळतं. त्यांनी मदत घेता का याचं उत्तर मोठ्या कौतुकानं दिलं होतं. हिशेबानं कॉलेजची गाडी त्यांच्याकडे जाणार होती.

दुसरा कागद पंचफुलाबाईंचा. वय शहात्तर, देवळापुढे हार विकतात. पाचही 'नाही'. समासात आकांक्षानं स्वतःच्या अक्षरात लिहिलं होतं: नजर कमी, गुडघे वाकलेले, तरी कशातच कोणाची मदत घेत नाही, कौतुकास्पद.

नत्थुजींनी तो कागद दोनदा वाचला आणि हळूच विचारलं, "बाईंच्या घरी कोण कोण आहे?"

"कोणी नाही काका. एकट्याच असतात."

"मग घेतील कोणाकडून?"

आकांक्षानं कागद ओढून घेतला, आपलीच ओळ पुन्हा वाचली आणि तिचा चेहरा पडला. तिनं विचारलेला प्रश्न माणसाची ताकद मोजतच नव्हता. घरात माणसं किती आहेत, ते मोजत होता. भरल्या घरातला धडधाकट म्हातारा त्यात आजारी ठरत होता, आणि जिला हाक मारायला कोणी नाही ती बाई ठणठणीत. गाडी तिच्या दारावरून पुढे गेली असती. तेही एका शब्दापायी, आणि तो शब्द लिहिताना या चांगल्या पोरीच्या मनात काही वाईट नव्हतं.

मग दोन तास त्या एका प्रश्नावर गेले. 'मदत लागते का' करून पाहिलं, पण मॅडमना वाटलं, ऐकणाऱ्यापुढे पुन्हा सुनेची बादलीच उभी राहील. तेव्हा नत्थुजी म्हणाले, की मदत करणारा माणूसच प्रश्नातून बाजूला करू. आपल्याकडे मदत म्हटलं की करणारा आधी दिसतो, गरज मागे राहते. त्यांनी मांडलं: 'मदत करणारं कोणी असो वा नसो, आंघोळ करायला तुम्हाला दुसऱ्या माणसाच्या मदतीची गरज आहे का?' मुळात नसलेले सहा शब्द, आणि घालणारा माणूस कोण, तर नत्थुजी! उत्तमराव असते तर चष्मा काढून बघत राहिले असते. पण अर्थ तिकडचाच ठेवायचा तर शब्द इकडचे घालावे लागतात, हे नत्थुजींना सहासष्टाव्या वर्षी, भर बैठकीत कळलं. त्यांना स्वतःचंच नवल वाटत राहिलं.

मूळ प्रश्नावली करणाऱ्या परदेशातल्या बाईंना मेल गेला, त्यांनी बदल मान्य केला. परत इंग्रजी करायला आता नत्थुजी चालणार नव्हते, त्यांनी मूळ पाहिलं होतं. बँकेतून निवृत्त झालेले केशवराव शोधले. त्यांनी काही न पाहता, काही न विचारता 'नीड' लिहून पाठवलं. पाचही ठिकाणी.

राहिलं शेवटचं. माणसांना विचारायचं, आणि उत्तर झालं की प्रश्नातून त्यांना काय कळलं तेही विचारायचं. तीस-चाळीस जणांची यादी होती. ती सुरू व्हायच्या आत आकांक्षाला पंचफुलाबाईंकडे जायचं होतं. नत्थुजींनी मागं बसून ऐकायची परवानगी मागितली. मॅडमनी एका अटीवर दिली, की एक शब्द बोलायचा नाही, मान हलवायची नाही.

बाळापुरात देवळामागं एक खोली. पंचफुलाबाई झेंडूच्या फुलांपुढे बसल्या होत्या, सुई डोळ्यांशी धरून नव्हे, बोटांनी चाचपून फुलं ओवत होत्या. आकांक्षानं पहिला प्रश्न कागदावर होता तसाच वाचला. सुई थांबली. बाईंनी कान पुढे केला, तेव्हा आकांक्षानं नियमाप्रमाणे तोच प्रश्न पुन्हा, एकही शब्द न बदलता वाचला.

"हाय," पंचफुलाबाई म्हणाल्या. "हाय गरज."

कपडे, हो. संडास, हो. जेवण, नाही, ते जमते. चालणं, हो. चार झाले. आकांक्षानं पेन खाली ठेवलं. तिनं विचारलं, की आजी, मागच्या वेळी तुम्ही सगळ्याला नाही म्हणालात. आता हा प्रश्न ऐकून तुम्हाला काय समजलं, ते तुमच्या शब्दांत सांगा.

"तवा तुमी इचारलं, घेता का. कोणापासून घेऊ वं? नाई म्हटलं," बाई म्हणाल्या. "आता तुमी इचारून राहिल्या का जवळ कोणी असतं, तं मी हाक मारली असती का. मारतो ना बाई. पाणी सांडलं का आजबी मारतो. कोणी येत नाई, ते येगळं. पन हाक मारतो का, हे मले कोणी इचारलंच नाई आजलोक."

नत्थुजी भिंतीशी बसून होते. एका परक्या भाषेतला, परक्या मुलखातला प्रश्न पाच-सहा जणांच्या हातांतून फिरून या खोलीत आला होता, आणि शाळेचं तोंड न पाहिलेल्या या बाईनं त्याचा अर्थ त्यांच्यापेक्षा, मॅडमपेक्षा, मूळ लिहिणारीपेक्षाही चोख सांगितला होता. एकतीस वर्षांत कुठल्या वकिलाच्या प्रश्नाला असं उत्तर मिळालेलं त्यांनी ऐकलं नव्हतं. बोलायची बंदी होती. त्यांना कळायच्या आत त्यांचे दोन्ही हात जोडले गेले.

पंचफुलाबाईंना समोर काहीतरी हललेलं तेवढं दिसलं. त्यांनी मान पुढे काढून निरखून पाहिलं.

"हे बाबाजी काहून हात जोडून राहिले वं?" त्यांनी आकांक्षाला विचारलं, आणि पुढचं फूल सुईत ओवायला घेतलं.