शिंपीणबाईंना पाजलेलं पाणी

शिंपीणबाई पंचेचाळिसाव्या वर्षी बेचाळीस किलोमीटरच्या मॅरेथॉनमध्ये उतरल्या. नवरा सायकलवरून सोबत होता. त्याने उन्हाचा इतका धसका घेतला होता की दर दोन किलोमीटरला तो बाटली पुढे करायचा.

सुरुवातीला त्या गप्पा मारत पळत होत्या. पंधराव्या किलोमीटरनंतर धाप लागली आणि बोलणं तुटलं. वाऱ्यावर वाळणारा घाम अंग थंड ठेवत होता. तिसाव्याला स्नायूंतली साखर संपत आली, पाय दगडासारखे झाले आणि त्या चालू लागल्या. घाम कमी झाला, पाणी मात्र तेवढंच पोटात जात राहिलं.

"पोट डचमळतंय हो," त्या म्हणाल्या.

"तरी घे. भोवळ येऊन पडशील."

शेवटची रेषा त्यांनी ओलांडली, पण नवऱ्याला ओळखलं नाही. बोटं सुजली होती. त्या ओकल्या. त्याने पुन्हा बाटली उघडली, तेव्हा शर्यतीच्या उपचार-तंबूतल्या डॉक्टरीणबाईंनी त्याचा हात धरला.

"पाणी नको. घामातून मीठ गेलंय आणि उरलेलं या पाण्याने पातळ झालंय. मेंदूला सूज येतेय."

रक्ताच्या तपासणीत तेच निघालं. शिरेतून तीव्र मिठाचं पाणी सुरू करत असतानाच शिंपीणबाईंना फिटचा झटका आला.

तिसऱ्या दिवशी रुग्णालयात बाई शुद्धीवर आल्या.

"मीच पाजलं तुला," नवरा म्हणाला.

"तोंड मीच उघडत होते ना," त्या म्हणाल्या.

त्या झटक्यापासून त्यांच्या हाताला लागलेली थरथर मात्र गेली नाही. आता मशीनची सुई तोच ओवून देतो.